बदली कोण करतं, ते आधी बघा

प्रश्न: माझा मुलगा एमपीएससीचा अभ्यास करतो. त्याच्या वहीत लिहिलंय की कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ ते राबवतं आणि न्यायमंडळ न्याय देतं. मग आमच्या शेतरस्त्याच्या भांडणात निकाल तहसीलदारांनीच कसा दिला? निकाल आमच्या बाजूने लागलाय. आता समोरचे म्हणतात, मंत्र्यांकडून स्थगिती आणतो, नाहीतर आमदारांना सांगून कायदाच बदलून घेतो. हे अधिकारांचं विभाजन म्हणजे नक्की काय प्रकार आहे?

उत्तर:

मुलाच्या वहीतलं वाक्य चुकीचं नाही, पण त्यावर विसंबून कुणी कचेरीची पायरी चढला तर गोंधळ उडणारच. साताऱ्यात दिवाणी आणि महसुली वकिली करताना माझी तीस-बत्तीस वर्षं गेली. सुरुवातीला मीही पाट्या वाचायचो. ‘जिल्हा व सत्र न्यायालय’ लिहिलंय म्हणजे इथं न्याय, ‘तहसील कार्यालय’ लिहिलंय म्हणजे इथं कारभार. आमच्या सिनिअरांनी एक वेगळी खूण शिकवली. ते म्हणायचे, खुर्चीवर बसलेला माणूस न्यायाधीश आहे का, हे कळायला पाटी वाचू नकोस. त्याची बदली कोण करतं ते बघ.

ही खूण तुमच्या प्रकरणाला लावू.

तहसीलदारांची बदली राज्य सरकार करतं. साधारण तीन वर्षांची मुदत असते, २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात तसं आहे, पण ती मोडायच्या वाटाही त्याच कायद्यात आहेत. साताऱ्याच्या किंवा कराडच्या दिवाणी न्यायाधीशांची बदली मात्र ना कलेक्टर करू शकत, ना महसूलमंत्री, ना मुख्यमंत्री. संविधानाच्या कलम २३५ ने खालच्या न्यायालयांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिलंय. बदली, बढती, रजा सगळं तिथून. विभाजनाची तत्त्वं पुस्तकात पानंच्या पानं असतात. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं या एका कलमावर उभं आहे.

आपल्याकडे निःस्पृह न्यायाचा विषय निघाला की माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव येतं. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल त्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावलं, ही गोष्ट शाळेत आपण सगळ्यांनी वाचली. पण त्या गोष्टीचा शेवट मी वकिलाच्या नजरेने वाचतो. निकाल दिल्यावर शास्त्रीबुवांना पुणं सोडावं लागलं आणि राघोबादादा गादीवर राहिले. पुढे कारभार बारभाईंकडे गेला तेव्हा शास्त्रीबुवा परत आले. म्हणजे न्यायाधीश मोठा होता, पण त्याची खुर्ची ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा त्याच्याच मेहेरबानीवर होती. आजच्या साध्या तालुका न्यायाधीशाला रामशास्त्रींइतकं धैर्य लागू नये, अशी व्यवस्था कलम २३५ ने केली आहे.

मग तहसीलदारांकडे निकालाचं काम आलंच कसं?

पूर्वी तर याहून जास्त होतं. इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं मामलेदार, प्रांत हे फौजदारी खटले चालवून माणसाला तुरुंगात पाठवू शकत. एकाच माणसाने सारा वसूल करायचा, बंदोबस्त बघायचा आणि आरोपीला शिक्षाही करायची. संविधानात कलम ५० आलं, की राज्याने न्याययंत्रणा कारभारापासून वेगळी करावी. ते मार्गदर्शक तत्त्व होतं, आपोआप लागू होणारं नव्हतं. आपल्या मुंबई राज्याने १९५१ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. देशभर ही फाळणी झाली ती १ एप्रिल १९७४ पासून, नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली तेव्हा. तिथून पुढे शिक्षा देणारे न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाखाली गेले आणि तहसीलदार, प्रांत हे कार्यकारी दंडाधिकारी राहिले. त्यांच्याकडे शांतता राखण्यापुरतं काम उरलं. गावात भांडण झालं की ‘चॅप्टर केस’ होते आणि चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतात ना, तेवढं. तो अधिकार आता १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आलाय, पण स्वरूप तेच आहे.

जमिनीच्या बाबतीत मात्र फाळणी अर्धीच झाली, आणि ती मुद्दाम अर्धी ठेवली गेली असं माझं मत आहे. पेरणीच्या आधी बांध अडवला तर दिवाणी दाव्याचा निकाल लागेपर्यंत चार हंगाम जातात. म्हणून दोन वाटा तहसीलदारांकडे ठेवल्या. पहिली, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. वहिवाटीचा रस्ता आधीपासून होता आणि कुणी तो अडवला, तर अडथळा काढायचा. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. दुसरी, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. रस्ता नव्हताच, पण शेतात जायला वाट नाही, तर दुसऱ्यांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, वाजवी रस्ता द्यायचा.

लोक या दोन्हींची सरमिसळ करतात. अर्जाच्या डोक्यावर कलम ५ लिहायचं आणि मजकुरात ‘आम्हाला नवीन रस्ता मिळावा’ म्हणायचं, असे अर्ज मी ढिगाने बघितलेत. ते वरच्या पातळीवर टिकत नाहीत. तुमच्या निकालाच्या पहिल्या पानावर कोणतं कलम आहे ते आधी वाचा, कारण पुढची सगळी वाट त्यावर ठरते.

निकाल १४३ खाली असेल, तर त्या कलमातच एक फार महत्त्वाची सोय आहे. तहसीलदारांचा निर्णय मान्य नसेल तर एक वर्षाच्या आत दिवाणी न्यायालयात दावा लावून तो रद्द करून किंवा बदलून घेता येतो. आणि असा दावा लावला की त्याच निर्णयावर महसुली अपील किंवा पुनरीक्षण चालत नाही. ही ओळ अनेक वकीलही घाईत ओलांडून जातात. तिचा अर्थ असा, की कारभाऱ्याला तातडीपुरतं निकालाचं काम दिलं, पण ज्याची बदली सरकार करू शकत नाही अशा माणसाकडे जायचं दारही त्याच भिंतीत ठेवलं. कलम ५ चं तसंच. मामलेदाराचा हुकूम अडथळ्यापुरता आणि ताब्यापुरता. हक्काचा खरा वाद दिवाणी न्यायालयात सुटतो. सातबाऱ्याचंही तेच. मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात म्हणजे ते मालकी देत नाहीत. नोंद ही साऱ्यासाठी, मालकीसाठी नव्हे, हे न्यायालयांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता पक्षकारांनाही पाठ झालंय. तरी नोंद आपल्या नावावर लागली की गावात पेढे वाटतातच.

सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली राम जवाया कपूर प्रकरणात हे मान्यच केलंय की आपल्या संविधानाने कडेकोट भिंती घातलेल्या नाहीत. पण एका अंगाने दुसऱ्याचं मूळ काम बळकावायचं नाही. आपले मंत्री विधिमंडळाचेच सदस्य असतात, तेव्हा वहीतल्यासारखे तीन कप्पे इथं नव्हतेच.

आता मंत्र्यांच्या स्थगितीचं. हा या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात ठिसूळ सांधा आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

१४३ च्या निकालावर समोरचे दावा न लावता महसुली वाटेने गेले, तर पहिलं अपील प्रांतांकडे, तिथून वर, आणि शेवटी संहितेच्या कलम २५७ खाली पुनरीक्षण राज्य सरकारकडे. तिथं सरकार म्हणजे मंत्री. म्हणजे ज्या मंत्र्याच्या खात्याखाली तहसीलदार काम करतात, तेच मंत्री तहसीलदारांच्या निकालावर न्यायाधीश होऊन बसतात. आपल्या बदलीच्या खुणेने बघितलं तर इथं विभाजन नाहीच. म्हणून कायद्याने त्या जागी माणसाऐवजी पद्धतीवर बंधन घातलंय. निकालाचं काम करताना मंत्री मंत्री राहत नाही. त्याने दोन्ही बाजूंना नोटीस काढायची, ऐकून घ्यायचं, कागद बघायचे आणि कारणं लिहून हुकूम करायचा.

यातून एक साधा फरक निघतो. निवेदनाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने ‘स्थगिती द्यावी’ असा शेरा मारलेला असतो. लोक त्याची झेरॉक्स घेऊन तलाठ्याकडे जातात आणि जेसीबी थांबवतात. तो शेरा म्हणजे निकाल नव्हे. प्रकरण दाखल झालेलं असावं, त्याला क्रमांक असावा, स्थगितीचा अर्ज असावा आणि त्यावर संहितेच्या कलम २५६ सारख्या अधिकाराखाली हुकूम असावा. त्यातलं काहीच नसेल तर तो लोकप्रतिनिधीने अधिकाऱ्याला केलेला आग्रह आहे, त्यापलीकडे काही नाही.

एक प्रकरण सांगतो. गाव आणि कार्यालय सांगत नाही. माझ्या पक्षकाराची सव्वा एकर जमीन ओढ्याच्या पलीकडे. ऊस तोडला की बाहेर काढायला वाट नाही, मोळ्या डोक्यावरून आणायच्या. तहसीलदारांनी स्वतः येऊन स्थळपाहणी केली, पंचनाम्यात नकाशा काढला, दोन गटांच्या सामाईक बांधावरून आठ फुटी रस्ता दिला. समोरच्यांनी अपील केलं. अपिलात तीन तारखा झाल्या, दोन्हीकडचे युक्तिवाद झाले, प्रकरण ‘निकालासाठी बंद’ झालं. दोन महिन्यांनी हुकूम हातात आला, तहसीलदारांचा निकाल रद्द.

हुकूम वाचला आणि खटकलं. त्यात ‘उभय पक्षांचे म्हणणे ऐकले’ असं छापील वाक्य होतं, पण आम्ही मांडलेला ओढ्याचा मुद्दा एका ओळीतही नव्हता. मी रोजनाम्याची नक्कल मागितली. रोजनामा म्हणजे प्रकरणाची डायरी. कोणत्या तारखेला कोण हजर, काय झालं, खाली अधिकाऱ्याची सही. तिन्ही तारखांना एका अधिकाऱ्याची सही होती. हुकुमावर दुसऱ्याची. मधल्या काळात पहिल्यांची बदली झाली होती, आणि नवीन आलेल्यांनी आम्हाला न बोलावता, फाईल वाचून सही केली होती.

सर्वोच्च न्यायालयाचा १९५९ चा एक निकाल आहे, गुल्लापल्ली नागेश्वर राव यांचा. आंध्र प्रदेशात बसमार्ग सरकारकडे घ्यायचे होते. हरकतदारांना सचिवांनी ऐकलं आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. न्यायालय म्हणालं, एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने ठरवायचं, तर ऐकणं हा नुसता उपचार उरतो. कारभाराच्या कामात हे चालतं. खालचा अधिकारी टिपणी लिहितो, वरचा सही करतो, सगळं मंत्रालय त्यावरच चालतं. पण दोघांच्या भांडणात निकाल द्यायचा झाला की ती पद्धत बेकायदा ठरते. आमच्या प्रकरणात उच्च न्यायालयात हा एकच मुद्दा मांडला. हुकूम रद्द झाला आणि अपील नव्याने ऐकायला परत गेलं. माझ्या पक्षकाराला ताबडतोब रस्ता मिळाला नाही, हेही सांगायला हवं. उच्च न्यायालय अशा रिटमध्ये बहुतेक वेळा रस्ता द्यावा की नाही हे ठरवत नाही. निर्णय ज्या पद्धतीने झाला ती तपासतं. न्यायाधीशांनी कारभाऱ्याच्या खुर्चीत बसायचं नाही, ही विभाजनाची दुसरी बाजू. आमचे लोक तिच्यावर रागावतात. ‘एवढ्या लांब आलो आणि परत खालीच पाठवलं?’ हो, कारण बांध किती रुंद आहे हे बघायला न्यायमूर्ती ओढ्यावर येणार नाहीत.

आता आमदार आणि कायदा.

एका भांडणाचा निकाल फिरवण्यासाठी कायदा करता येतो का, या प्रश्नाची सगळ्यात मोठी परीक्षा १९७५ साली झाली. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. ऑगस्टमध्ये संसदेने ३९ वी घटनादुरुस्ती केली आणि ती निवडणूक वैध असल्याचं थेट संविधानातच लिहून टाकलं. शिवाय निवडणूक कायद्याच्या ज्या तरतुदींवरून निकाल गेला होता, त्याही मागील तारखेपासून बदलल्या. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ‘ही निवडणूक वैध आहे’ असं जाहीर करणारा भाग रद्द केला, कारण ते भांडणाचा निकाल देणं झालं, आणि ते संसदेचं काम नव्हे. बदललेले नियम मात्र मान्य केले, आणि त्या नियमांनुसार इंदिरा गांधी अपील जिंकल्या. पुष्कळांना हा निकाल गुळमुळीत वाटतो. मला तो विषय शिकवायला सगळ्यात सोपा वाटतो. नियम बदला, पण निकाल तुम्ही लिहू नका.

आपल्या भागाला जवळचं उदाहरण डान्सबारचं. तासगावचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००५ साली विधिमंडळाने मुंबई पोलीस अधिनियमात ३३-अ आणि ३३-ब ही कलमं घातली. ३३-अ ने परमिट रूम, बिअर बारमधला नाच बंद केला. ३३-ब ने तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट दिली. आबांना गावोगाव किती पाठिंबा होता हे सांगली-साताऱ्यात सांगायला नको. घराघरातल्या बायका त्यांच्या बाजूने होत्या, सभागृहही होतं.

२००६ साली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. कारणं मुख्यतः दोन. एक, तोच नाच मोठ्या हॉटेलात चालतो आणि साध्या बारमध्ये चालत नाही, हा भेद समानतेच्या कलमात बसत नाही. दोन, नाचणाऱ्या बायकांचा आणि बारमालकांचा व्यवसायाचा हक्क सरसकट बंद केला गेला.

या टप्प्यावर विधिमंडळाने काय केलं ते बघा. जून २०१४ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली आणि ३३-ब ची सूटच काढून टाकली. पंचतारांकितलाही बंदी. कागदावर ही चाल नियमात होती. न्यायालयाने भेदावर बोट ठेवलं, तर भेदच संपवला. पण दुसरं कारण जसंच्या तसं राहिलं होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. आबा त्या फेब्रुवारीतच गेले होते. विधिमंडळ पुन्हा निकाल रद्द करायच्या फंदात पडलं असतं तर पुन्हा आपटलं असतं, म्हणून २०१६ साली बंदीऐवजी नियमनाचा नवा कायदा आला, अश्लील नृत्याला मनाई आणि बाकीच्याला कडक अटी.

१७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या अटी एकेक करून तपासल्या. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ राहिली. पैसे उधळायची मनाई राहिली, बक्षिशी द्यायला मुभा मिळाली. धार्मिक स्थळापासून आणि शाळेपासून एक किलोमीटरची अट गेली, कारण मुंबईसारख्या शहरात तशी जागा सापडणंच अशक्य. आतल्या सीसीटीव्हीची सक्ती गेली, दारूबंदीची अट गेली.

आणि याच निकालात आणखी एक गोष्ट समोर आली. २०१३ ला बंदी उठली, २०१५ ला स्थगिती मिळाली, तरी परवाने मिळतच नव्हते. कायदा करणाऱ्यांनी बंदी उठलेली पाहिली, न्यायाधीशांनी ती उठवली, आणि परवाना देणाऱ्या टेबलावर ती तशीच चालू राहिली. ‘अग्निशमनचा दाखला आणा’, ‘जुना झाला, नवा आणा’, ‘साहेब रजेवर आहेत’. महसुलात मी हे रोज बघतो. नकार दिला तर त्यावर अपील होतं, कारणं लिहावी लागतात. म्हणून नकार द्यायचाच नाही, नुसतं बसून राहायचं. आमदार आणि न्यायमूर्ती भांडताना पेपरात दिसतात. हा तिसरा गडी दिसत नाही. डान्सबार असावेत असं माझंही मत नाही. पण मला एखादी गोष्ट आवडत नाही म्हणून कारकुनाने फाईल दाबून कायदा करावा, हे मला चालणार नाही, कारण उद्या तीच फाईल तुमच्या रस्त्याची असेल.

तेव्हा समोरचे ‘आमदारांना सांगून कायदा बदलतो’ म्हणतात त्याला एवढंच उत्तर आहे. विधिमंडळ १४३ बदलू शकतं, उद्या ते कलम काढूनही टाकू शकतं, पण ते सगळ्या महाराष्ट्रासाठी. तुमच्या गटापुरता तहसीलदारांचा निकाल रद्द करणारा कायदा टिकणार नाही. एकटा आमदार तर तेवढंही करू शकत नाही. त्याच्या हातात शिफारसपत्र असतं, आणि शिफारसपत्राची किंमत वर सांगितलीच.

तुम्ही आता करायचं ते असं. निकालाची आणि पंचनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल आजच काढून ठेवा. रोजनाम्याचीही, कारण नंतर तो सापडत नाही. प्रांतांकडे आणि वरच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, की या निकालावर अपील किंवा पुनरीक्षण दाखल झालं तर आम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नये, आणि त्याची पोच घ्या. समोरच्यांनी वर्षाच्या आत दिवाणी दावा लावला तर घाबरू नका. उलट मला तो मार्ग जास्त आवडेल, कारण मग प्रकरण महसुली साखळीतून बाहेर पडतं. स्थगिती आलीच, तर हुकुमावर प्रकरण क्रमांक आहे का, तुम्हाला नोटीस मिळाली होती का, कारण लिहिलंय का, ऐकणारा आणि सही करणारा एकच आहे का, या चार गोष्टी बघा. त्यातली एक जरी चुकली असेल तर संविधानाच्या कलम २२७ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. पूर्वी त्यासाठी मुंबईला मुक्काम पडायचा. ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगलीची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात; सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी. जाताना रोजनाम्याची नक्कल मात्र विसरू नका.